कामगार कपात: २४० दिवस आणि हातात पडलेली रक्कम

गैरवर्तनाची शिक्षा म्हणून नव्हे, तर अन्य कोणत्याही कारणाने मालकाने कामगाराला कामावरून कमी केले, तर कायदा त्याला कपात म्हणतो. स्वेच्छेने घेतलेली निवृत्ती, ठरलेल्या वयाची निवृत्ती आणि मुदतीच्या करारावरील नोकरीची मुदत संपणे, हे प्रकार त्यात मोडत नाहीत. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कलम २५-एफ मध्ये कपातीच्या अटी होत्या. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि तिच्या कलम ७० मध्ये याच अटी जवळपास तशाच उतरल्या आहेत. त्यामुळे जुने न्यायनिवाडे आजही उपयोगी पडतात.

या अटींचे संरक्षण किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला मिळते. सेवेत खंड असला, तरी कमी केल्याच्या तारखेपासून मागे मोजलेल्या बारा महिन्यांत २४० दिवस काम भरले, तर वर्ष पूर्ण झाले असे कायदा मानतो. जमिनीखालच्या खाणीत ही संख्या १९० आहे. मोजणी जानेवारीपासून नव्हे, तर शेवटच्या दिवसापासून मागे होते. म्हणूनच २४० भरण्याच्या आधी चार दिवसांचा ‘ब्रेक’ देऊन पुन्हा कामावर घेतले, तरी एकूण बेरीज भरत असेल तर तो ब्रेक मालकाच्या कामी येत नाही.

बेरजेत केवळ घाम गाळलेले दिवस धरायचे नाहीत. पगारी साप्ताहिक सुट्या आणि पगारी सणसुट्याही धरायच्या, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या कामगारांच्या खटल्यात स्पष्ट केले. समजा, एखादा कामगार २०२ दिवस हजर होता आणि त्याला ३५ साप्ताहिक व ५ सणाच्या पगारी सुट्या मिळाल्या. त्याचे दिवस २४२ होतात. तोच कामगार रोजंदारीवर असेल आणि सुटीचा पैसा त्याला मिळतच नसेल, तर आकडा २०२ वरच थांबतो.

दिवस भरले हे सिद्ध करण्याची जबाबदारी कामगारावर असते आणि बहुतेक दावे इथेच अडतात. नुसते प्रतिज्ञापत्र पुरत नाही, असे २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. हजेरीपट मात्र मालकाच्या कपाटात असतो. म्हणून मस्टर आणि पगारपत्रक हजर करण्याची मागणी न्यायालयात लेखी करावी लागते. पगाराच्या पावत्या, बँकेतील जमा रकमा आणि भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदी हा कामगाराच्या हातातला पुरावा.

पात्र कामगाराला कमी करताना एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि तिच्यात कारण लिहावे लागते. नोटीस द्यायची नसेल तर महिन्याचा पगार द्यावा लागतो. त्यासोबत प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराइतकी भरपाई मिळते. शेवटचा तुकडा सहा महिन्यांहून मोठा असेल तर तोही वर्ष म्हणून धरतात. सरकारलाही कळवावे लागते. तीनशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेले कारखाने, खाणी व मळे यांना केवळ कळवून भागत नाही, आधी परवानगी लागते.

एखादा कामगार १ जुलै २०१७ ला लागला आणि ३१ जानेवारी २०२६ ला कमी झाला, तर सेवा आठ वर्षे सात महिने होते, म्हणजे हिशेबाला नऊ वर्षे. मागील तीन महिन्यांचा सरासरी पगार २४,००० रुपये असेल तर पंधरा दिवसांचे १२,००० आणि भरपाई १,०८,००० रुपये. नोटीस दिली नसेल तर आणखी २४,०००. ग्रॅच्युइटीसाठी महिना २६ दिवसांचा धरतात. कपातीच्या भरपाईत तसे करत नाहीत, येथे पंधरा दिवस म्हणजे अर्धा महिना. ग्रॅच्युइटी वेगळी द्यावी लागते. ती या रकमेत मिसळून ‘सगळा हिशेब चुकता’ असे लिहून घेणे चूक आहे.

भरपाई कपातीच्या वेळीच द्यावी लागते. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयसमूहातील दोन वॉर्ड-सेविकांना भरपाई न देता कमी केले होते. १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आधी रक्कम देणे ही कपातीची पूर्वअट आहे, असे सांगून ती कपात अवैध ठरवली. सरकारला कळवण्यातील चुकीला मात्र एवढे वजन नाही. पत्रकारांच्या संघटनेच्या १९६४ च्या खटल्यात ती पूर्वअट मानली गेली नाही.

अवैध कपातीनंतर पुन्हा कामावर घेण्याचा आदेश पूर्वी सहज मिळे. अलीकडे, विशेषतः रोजंदारी कामगारांना, न्यायालये बहुधा एकरकमी भरपाई देतात. कमी केल्यापासून दोन वर्षांच्या आत वाद न्यायाधिकरणासमोर नेण्याची मुदत संहितेने ठेवली आहे. त्याआधी समेट अधिकाऱ्याकडे अर्ज करावा लागतो.