थेंब ताजा हवा

स्रावाचा थेंब सलाइनमध्ये मिसळून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर ट्रायकोमोनास व्हजायनॅलिस झटके देत, डळमळत पळताना दिसतो. हा एकपेशी परजीवी नासपतीच्या आकाराचा, पांढऱ्या पेशीहून जरासा मोठा. पुढे चार शेपट्या, कडेला अर्ध्या अंगापर्यंत लहरणारा पडदा. पण नमुना गार पडला की तो थबकतो, गोल होतो आणि पांढऱ्या पेशींच्या गर्दीत हरवतो. म्हणून स्लाइड शक्यतो 10 मिनिटांत पाहावी. नमुना फ्रिजमध्ये तर ठेवूच नये. ताज्या स्लाइडवरही बरेच रुग्ण निसटतात. अशा वेळी नमुना डायमंडच्या माध्यमात 37 अंशांवर वाढवतात. मोजकेच जिवंत परजीवी असले तरी काही दिवसांत त्यांची संख्या वाढून ते नजरेस पडतात. मेलेले मात्र वाढत नाहीत, त्यामुळे इथेही उशीर नडतोच.