अपॉइंटमेंटचा फॉर्म भरल्यावर

तालुक्याच्या गावातल्या छोट्या दवाखान्याच्या वेबसाइटवर तळाशी बारीक अक्षरांत ‘प्रायव्हसी पॉलिसी’ असते. वाचायला गेलं तर कधीकधी त्यात ‘तुमची ऑर्डर’ आणि ‘डिलिव्हरीचा पत्ता’ भेटतो. मजकूर एखाद्या ऑनलाइन दुकानाकडून उचललेला!

खरं धोरण लिहायचं तर एका फॉर्मचा माग काढावा. समजा, स्त्रीरोग दवाखान्याच्या फॉर्ममध्ये नाव, मोबाइल, सोयीची वेळ आणि ‘तक्रार’ असे चार रकाने आहेत. एका बाईंनी ‘पाळी चुकली’ एवढं लिहून बटण दाबलं. ती ओळ वेबसाइटच्या डेटाबेसमध्ये साठली, डॉक्टरांच्या ईमेलवर पोहोचली आणि रिसेप्शनवरच्या मुलीने तिचा स्क्रीनशॉट स्टाफच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला. आता ती ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आहे. डेटाबेसमधून पुसली तरी तिथे उरतेच.

असा माग काढला की आधी फॉर्मच बदलावासा वाटतो. वेळ ठरवायला नाव आणि मोबाइल पुरतात. तक्रार डॉक्टर तपासताना विचारतीलच. मग धोरणात सरळ लिहिता येतं: ‘वेळ कळवण्यासाठी आम्ही तुमचं नाव आणि मोबाइल नंबर घेतो. हा फॉर्म तीस दिवसांनी पुसतो. तो फक्त डॉक्टर आणि रिसेप्शनिस्ट पाहतात.’ लिहिल्यावर तीस दिवसांनी कोण पुसणार, हेही ठरवावं लागतं. केसपेपरची गोष्ट वेगळी. दाखल रुग्णांची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपण्याचं बंधन डॉक्टरांवर २००२च्या आचारसंहितेनेच घातलं आहे. ‘माझं सगळं पुसा’ म्हणणाऱ्या रुग्णाला हा फरक धोरणातच कळायला हवा.

फॉर्म न भरताही माहिती जाते, आणि हे बहुतेक डॉक्टरांच्या गावीही नसतं. जाहिरात सांभाळणारा माणूस वेबसाइटमध्ये फेसबुकचा ‘पिक्सेल’ नावाचा छोटा कोड बसवून देतो. कोणी कुठलं पान उघडलं, हे तो कंपनीला कळवतो. पान वंध्यत्व उपचाराचं असेल तर तेही. अमेरिकेत ‘द मार्कअप’ने २०२२मध्ये शंभर नामांकित रुग्णालयांच्या वेबसाइट तपासल्या, तेव्हा ३३ ठिकाणी हा कोड सापडला. काही ठिकाणी तो अपॉइंटमेंटच्या बटणावरही नजर ठेवून होता. दवाखान्याने तो काढून टाकावा. ठेवायचाच असेल तर धोरणात नाव घेऊन सांगावं आणि आधी संमती घ्यावी. ‘आम्ही माहिती कुणालाही देत नाही’ हे वाक्य पिक्सेल असलेल्या वेबसाइटवर सरळ खोटं ठरतं.

भाषेचा प्रश्न २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने सोडवला आहे. संमती मागतानाची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. त्यात मराठी आहे, कोकणीही आहे. चुकलेला नंबर दुरुस्त करायला किंवा तक्रार करायला कोणाशी बोलायचं, तेही त्याच भाषेत लिहावं. नुसता ईमेल पत्ता न देता रिसेप्शनचा फोन नंबर आणि वेळ द्यावी.