झाडू कुणाच्या हातात?

2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या नव्या पाठ्यपुस्तकातल्या एका चित्राची बरीच चर्चा झाली. आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडताहेत, एवढंच ते चित्र. घरकाम म्हणजे बाईचंच काम, ही समजूत मुलांच्या मनात रुजू नये हा त्यामागचा हेतू. आता कल्पना करा, हा पाठ संपतो आणि बाई सांगतात, "मुलींनो, वर्ग झाडून घ्या. आणि दोघं मुलगे जा, हॉलमधल्या खुर्च्या उचलून आणा." पुस्तकाने एक सांगितलं, वर्गाने दुसरंच करून घेतलं. मुलांच्या अंगवळणी काय पडणार, हे सांगायला नको.

वेळापत्रकात नसलेल्या, पण शाळेच्या रोजच्या रीतीतून मुलं शिकतात त्या गोष्टींना शिक्षणाच्या समाजशास्त्रात छुपा अभ्यासक्रम म्हणतात. अमेरिकेतले अभ्यासक फिलिप जॅक्सन यांनी प्राथमिक शाळांच्या वर्गांत बसून निरीक्षणं केली आणि 1968 मध्ये त्यांवर पुस्तक लिहिलं. गणित-भाषेबरोबरच मुलं आपली पाळी येईपर्यंत थांबायला, गर्दीत जमवून घ्यायला आणि शिक्षकांची मर्जी ओळखायला शिकतात, हे त्यांनी दाखवलं. यातलं सगळंच वाईट नाही. रांगेत उभं राहणं उपयोगाचंच. पण हाच मार्ग विषमताही शिकवतो. बालपणी डॉ. आंबेडकरांना शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावं लागे आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. हा धडा कुठल्याही पुस्तकात नव्हता.

या विषयावर प्रकल्प करणारे विद्यार्थी बहुतेक वेळा एका ठिकाणी घसरतात. 'शिक्षिका मुलींशी पक्षपात करतात' असं ते लिहून मोकळे होतात. हे निरीक्षण नव्हे, निष्कर्ष आहे. आधी डोळ्यांना दिसलं तेवढंच टिपावं: काम कोणतं, सांगितलं कुणी, केलं कुणी. त्यासाठी शाळेतली किरकोळ कामं फार सोयीची, कारण ती रोज होतात आणि मोजता येतात. झाडणं, फळा पुसणं, पाहुण्यांना चहा नेणं, बाकं हलवणं, मुख्याध्यापकांकडे निरोप पोचवणं.

समजा, वर्गात 20 मुली आणि 20 मुलगे आहेत. आठवड्याभरात झाडण्या-पुसण्याची कामं 12 जणांच्या वाट्याला आली, त्यांत 10 मुली. वर्गाबाहेर जाण्याची कामं 8 जणांना मिळाली, त्यांत 7 मुलगे. पटसंख्या सारखी असताना हे वाटप सारखं नाही, हे उघड आहे. पण खरी गोष्ट त्याच्या पलीकडे आहे. निरोप घेऊन जाणारा मुलगा ऑफिसात एकट्याने शिरतो, मोठ्यांशी बोलतो, परत येऊन उत्तर सांगतो. झाडणारी मुलगी वर्गातच राहते. एकाला धिटाईचा सराव मिळतो, दुसरीला आवरासावरीचा.

आता कारण शोधायचं. शिक्षिकेला विचारलं तर उत्तर बहुधा साधं असतं: "मुली नीट झाडतात हो." ते खोटंही नसतं. घरी झाडू त्यांच्याच हातात असतो, म्हणून त्या नीट झाडतात; नीट झाडतात म्हणून शाळेतही त्यांनाच सांगितलं जातं. मुद्दाम कुणी काही करत नाही, सोय पाहिली जाते. म्हणून तर हा अभ्यासक्रम छुपा.

अशा नोंदींना मर्यादा आहेत, त्याही प्रकल्पात लिहाव्यात. पाठीमागे कुणी वही घेऊन बसलं की शिक्षक सावध होतात, म्हणून पहिल्या दिवसाच्या नोंदींवर फार भिस्त ठेवू नये. स्नेहसंमेलनाचा आठवडा नेहमीसारखा नसतो. मुली स्वतःहून पुढे आल्या की त्यांना बोलावलं, हे वेगळं नोंदवावं. आणि शाळेने शिकवलं म्हणजे मुलांनी ते मान्य केलंच, असं नाही. "हे काम मुलगे का करत नाहीत?" असं मुलांनाच विचारून पाहावं, कधी 'ते मुलींचं काम' असं उत्तर येईल, कधी एखादी मुलगी तक्रारच मांडेल. अहवालात मुलांची, शिक्षकांची नावं मात्र घालू नयेत.

यावरचा उपाय फुकटचा आहे: कामांच्या पाळ्या लावा. त्यातही एक मेख आहे. अनेक शाळांच्या हजेरीपटात मुलग्यांची आणि मुलींची नावं वेगवेगळी असतात. त्या क्रमाने पाळ्या लावल्या तर गट पुन्हा वेगळेच पडतात. म्हणून प्रत्येक पाळीत दोन्ही याद्यांतली नावं घ्यावीत, आणि झाडण्याबरोबर ऑफिसात निरोप नेण्याचीही पाळी सगळ्यांना द्यावी. शिक्षकांनी पुढच्या सोमवारपासून हे सुरू करावं. त्यासाठी कुठल्याही परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही.