नुसता नमस्कार करून थांबणाऱ्यास काय उत्तर द्यावे?

उज्जैनच्या फ्रीगंजातील टावर चौकात संध्याकाळी खाद्यपदार्थांच्या गाड्यांभोवती गर्दी जमली असता एखादे अर्धपरिचित गृहस्थ 'जय महाकाल' म्हणून समोर उभे राहतात आणि पुढे अवाक्षरही काढीत नाहीत, तेव्हा 'काय काम होतं?' हा कचेरीतला सवाल आपल्या ओठांवर येतो. परंतु मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनॉव्स्की यांनी १९२३ साली प्रतिपादिल्याप्रमाणे पुष्कळसे संभाषण माहितीकरिता नसून केवळ स्नेहबंधाकरिता असते, आणि त्या गृहस्थांचे कदाचित काही कामच नसेल, किंवा असलेच तर ते काढण्याचा धीर अद्याप झालेला नसेल.

म्हणून अभिवादन प्रथम त्याच शब्दांत परत करावे. त्यावर नुसते 'हं, बोला' म्हणणे म्हणजे अर्ज दाखल करून घेणेच होय. मग दोघांच्याही दृष्टीस पडणाऱ्या गोष्टीविषयी, विचार न करता उत्तर देता येईल असा एकच प्रश्न करावा, जसे 'आज गर्दी फारच आहे. काका, आपण फिरायला निघालात वाटतं?', आणि मग आपण स्वस्थ राहावे. एकामागून एक तीन प्रश्न केले की संभाषणाची जबानी होते. (उत्साही माणसांची ही जुनी खोड!)

उत्तर देऊन ते निघू लागले, तर नमस्कारातच सर्व आले होते असे समजावे; पण 'बाकी काय?' म्हणत तिथेच घुटमळले, तर काही मनात अडले आहे, तेव्हा 'मला घाई नाही, निवांत सांगा' म्हणावे. खरोखरच घाई असेल, तर मात्र तसे स्पष्ट सांगून उद्याची वेळ द्यावी.