उधारीची वही मोबाईलमध्ये: नोंद, आठवण आणि पैसे भरायची लिंक

आज आपण कपिलधारजवळच्या एखाद्या छोट्या किराणा दुकानाचं उदाहरण घेऊ. खाताबुक किंवा ओकेक्रेडिटसारखं अ‍ॅप तिथे काय करतं? जुन्या वहीत नावे आणि जमा असे दोन रकाने असायचे, तेच इथे 'दिले' आणि 'मिळाले' या दोन बटणांत आले. गिऱ्हाईक ओळखायची खूण म्हणजे त्याचा मोबाईल नंबर.

समजा, एका काकूंनी 5 तारखेला 640 रुपयांचा माल नेला, 12 तारखेला 310 चा. 15 तारखेला 500 रोख दिले. 950 मधून 500 गेले, बाकी 450. बाकीचा आकडा कोणी लिहीत नाही. अ‍ॅप तो नोंदींवरून काढतं. म्हणून एक नोंद राहिली की बाकी चुकलीच.

आता दुकानदार आठवण पाठवतो. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप जातो: दुकानाचं नाव, बाकी आणि खाली लिंक. लिंकच्या पोटात साधारण असा मजकूर असतो:

```
upi://pay?pa=dukan@bank&pn=Kirana&am=450.00&cu=INR
```

`pa` म्हणजे पैसे कुठे जायचे तो पत्ता, `pn` नाव, `am` रक्कम. काकूंनी लिंक दाबली की त्यांचं यूपीआय अ‍ॅप रक्कम भरूनच उघडतं. पिन मात्र त्यांनाच टाकावा लागतो.

खरी गोम पुढे आहे. पैसे अ‍ॅपच्या स्वतःच्या लिंकवरून आले, तर अ‍ॅपला ते कळतं आणि जमेची नोंद आपोआप पडते. पण काकू दुकानात आल्या आणि गल्ल्यावरचा दुसऱ्या कंपनीचा क्यूआर स्कॅन करून 450 भरले, तर? पैसे बँकेत आले, पण अ‍ॅपला पत्ता नाही. आठ दिवसांनी पुन्हा आठवण जाते, "450 बाकी". काकू म्हणणार, "अहो भाऊ, मी तर कधीच दिले!" आणि चारचौघांत वाईट दिसतं ते दुकानदाराचंच.

यावर उपाय एकच. रात्री दुकान बंद करताना बँकेत आलेल्या रकमा आणि अ‍ॅपमधल्या 'मिळाले'च्या नोंदी समोरासमोर धरायच्या. बँकेत आहे आणि अ‍ॅपमध्ये नाही, अशी रक्कम दिसली की ती हाताने चढवायची. आठवण त्यानंतरच पाठवायची.

शेवटची गोष्ट तारखेची. बीड जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल मिळाली की उधारी फेडायची, असा त्यांचा हिशोब. अशा खात्याला दर आठवड्याला आठवण पाठवून पैसे येत नाहीत, नुसता राग येतो. अ‍ॅपमध्ये वसुलीची तारीख टाकता येते. ती उचलीच्या दिवसांची टाका, आणि घरचं कुणी नंबर बदलला असेल तर तोही विचारून घ्या. नाहीतर एकाची उधारी दुसऱ्याच्या मोबाईलवर वाजायची.