बढतीची यादी आणि प्रमोद भावना

मागील महिन्यात नांदेडला एका लग्नात जेवणे आटोपल्यावर माझा पुतण्या मोबाईल घेऊन माझ्याजवळ येऊन बसला. पुण्यातील एका कंपनीत तो लेखा विभागात काम करतो. त्याच्याबरोबर एकाच दिवशी रुजू झालेल्या मित्राला व्यवस्थापकपदी बढती मिळाली होती आणि त्याला अभिनंदनाचा निरोप पाठवायचा होता. पडद्यावर त्याने लिहिले होते, ‘हार्दिक अभिनंदन! पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा.’ खाली फुलांचा गुच्छ. ‘काका, एवढे पुरे ना?’ त्याने विचारले. मी उलट विचारले, ‘त्या जागेसाठी तूही होतास का?’ ‘होतो,’ तो म्हणाला आणि मोबाईल उलटा करून मांडीवर ठेवला.

आपल्या व्यापारी घरांना बढती ही गोष्ट तशी परकीच. दुकानात कोणी कोणाला बढती देत नाही. दुकान वाढते, भावांच्या वाटण्या होतात, आडतीवर मुलाच्या नावाची पाटी लागते. पण बरोबरीच्या दोघांपैकी एकाचे नाव यादीत आले आणि दुसऱ्याचे राहिले, असा प्रसंग गादीवर बसणाऱ्याला सहसा येत नाही. म्हणून घरातील मुलगा नोकरीत वर चढला की आपले वडीलधारे मोठ्या आपुलकीने विचारतात, ‘पगार किती वाढला?’ आणि मागोमाग, ‘बदली कुठे?’ या प्रश्नांत वाईट काही नाही. मात्र ज्याचे नाव राहिले आहे तोही जेव्हा आपल्या मित्राला हेच दोन प्रश्न विचारतो, तेव्हा त्यांचा अर्थ बदलतो. पहिल्या प्रश्नात मोजमाप असते आणि दुसऱ्यात, खरे सांगायचे तर, थोडी आशा असते की बदली गैरसोयीच्या ठिकाणी झालेली असावी.

हे मी अनुभवाने सांगतो. 1996 साली लातूर जिल्ह्यात असताना मी आणि माझे एक सहकारी अधिकारी दोघेही वरच्या श्रेणीच्या बढतीसाठी मुलाखतीला बसलो होतो. बँकेतील बढती बाहेरच्यांना वाटते तशी एका दिवसात ठरत नाही. किमान सेवेची वर्षे पूर्ण व्हावी लागतात, वार्षिक कामगिरीच्या अहवालांचे गुण धरले जातात, मुलाखत होते, आणि मग जागा असतील तेवढीच नावे परिपत्रकात येतात. बढतीबरोबर बदली येतेच. म्हणून अनेक लिपिक अधिकारी होण्याची संधी चालून आली तरी ती नाकारीत. आम्ही दोघांनी नाकारली नव्हती. जुलै महिन्यात दुपारी परिपत्रक आले. त्यात त्यांचे नाव होते, माझे नव्हते.

मी त्यांच्या टेबलाजवळ गेलो, हात हातात घेतला आणि म्हणालो, ‘अभिनंदन! नशीबवान आहात तुम्ही. आता मोठे साहेब झालात, आम्हा गरिबांची आठवण ठेवा.’ सगळे हसले, तेही हसले. त्या हसण्यानंतर मात्र त्यांनी जी मान खाली घातली, ती मला अजून दिसते. वरवर पाहिले तर मी चुकीचे काही बोललो नव्हतो. असे बोलण्याची रीतच आहे. पण ‘नशीबवान’ या एका शब्दाने मी त्यांच्या साऱ्या कामावर पांघरूण घातले होते आणि ‘आम्हा गरिबांची’ म्हणून त्यांच्या आनंदाच्या दिवशी माझ्या दुःखाची थैली त्यांच्या टेबलावर ठेवली होती.

त्याच आठवड्यात औसा तालुक्यातील एक वृद्ध बाई शाखेत आल्या. बढतीची बातमी त्यांना शिपायाकडून कळली असावी. त्या सरळ माझ्या सहकाऱ्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ‘सायेब, आमचं बुक मातीत गेलं हुतं. तुम्ही पत्र्याच्या शेडात येऊन नाव काढून दिलं. मोठे सायेब झालाव, लई बरं वाटलं.’ एवढेच बोलून त्या परत फिरल्या. माझ्या सहकाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आले. आमच्यापैकी कोणाच्याही अभिनंदनाने ते आले नव्हते.

त्या बाई ज्याविषयी बोलत होत्या ते सांगणे आवश्यक आहे. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेश विसर्जन करून आणि आपल्याकडे दशलक्षण पर्वाची सांगता करून लोक झोपले होते. लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे दगडमातीखाली गेली. घरांबरोबर पासबुके गेली, मुदत ठेवींच्या पावत्या गेल्या. कित्येक ठिकाणी खातेदार आणि त्याने नामनिर्देशित केलेली व्यक्ती एकाच रात्री गेली. अशा वेळी पैसे कोणाला द्यायचे, हा बँकेपुढचा अवघड प्रश्न असतो. नियमाप्रमाणे वारसाचा पुरावा हवा, हरवलेल्या पावतीसाठी हमीपत्र हवे, ओळख पटवणारा हवा. आणि ओळख पटवणारा शेजारीही ढिगाऱ्याखाली गेलेला.

माझे हे सहकारी तेव्हा तिकडच्या एका ग्रामीण शाखेत होते. लोकांना शाखेत बोलावण्याऐवजी त्यांनी खतावण्या आणि खाते उघडण्याच्या अर्जांचे गठ्ठे जीपमध्ये घालून तात्पुरत्या वसाहतीतील पत्र्याच्या शेडमध्ये नेले. गावनिहाय खात्यांची यादी केली. जुन्या अर्जावरील फोटो आणि अंगठ्याची निशाणी समोरच्या माणसाशी ताडून पाहिली, तलाठी आणि गावातील जाणत्या माणसांना शेजारी बसवून नाती विचारून घेतली, आणि लहान रकमांसाठी कागदपत्रांची सवलत मिळावी म्हणून वरिष्ठांकडे पुन्हापुन्हा लिहिले. हे काम काही महिने चालले. यातील बरेचसे मला ठाऊक होते. तरीही त्यांना बढती मिळाली त्या दिवशी मला फक्त नशीब आठवले.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात चार भावना सांगितल्या आहेत, हे आपण पाठशाळेपासून ऐकत आलो आहोत: सर्व जीवांविषयी मैत्री, गुणांनी अधिक असलेल्यांविषयी प्रमोद, दुःखितांविषयी करुणा आणि जे ऐकून घेण्याच्या पलीकडे आहेत त्यांच्याविषयी माध्यस्थ्य. मला वाटते, यांपैकी मैत्री व करुणा आपल्या घरांत बऱ्यापैकी रुजल्या आहेत. जीवदया, गोशाळा, दवाखाने यांची आपल्याकडे वाण नाही. प्रमोद मात्र अवघड जातो, आणि तोही आपल्याहून फार मोठ्या माणसाविषयी नव्हे, तर बरोबरीच्याविषयी. आचार्यांपुढे हात आपोआप जोडले जातात. शेजारच्या टेबलावरच्या माणसापुढे जोडले जात नाहीत. मग आपण काय करतो, तर प्रमोदाच्या जागी माध्यस्थ्य ठेवतो. ‘हार्दिक अभिनंदन, पुढील वाटचालीस शुभेच्छा’ हे कोणालाही, कधीही पाठवता येणारे वाक्य म्हणजे सभ्य भाषेतील माध्यस्थ्यच होय. त्यात द्वेष नाही, पण आनंदही नाही.

दुसरी गोष्ट त्याच ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात आहे. दुसऱ्याच्या ठिकाणी असलेले गुण झाकणे हे तेथे नीच गोत्राच्या बंधाच्या कारणांत सांगितले आहे. हे मी पूर्वी अनेकदा वाचले होते आणि त्याचा अर्थ निंदा असा धरून चाललो होतो. गुण न बोलताही झाकता येतात, आणि स्तुती करतानाही झाकता येतात, हे मला ‘नशीबवान’ म्हटल्यानंतर कळले. तसेच, प्रमोद गुणांविषयी सांगितला आहे, पदाविषयी नाही. पद मिळालेल्याचा मला मत्सर वाटू शकतो, कारण ते पद एकच होते आणि ते मला हवे होते. पण पत्र्याच्या शेडमध्ये खतावण्या उघडून बसण्याचा मत्सर कोणाला वाटेल? तेथे मन सहज मोकळे होते.

ऑगस्टमध्ये ते विदर्भातील एका शाखेत रुजू झाले. सप्टेंबरच्या अखेरीस क्षमावाणी आली. दरवर्षीप्रमाणे छापील क्षमापत्रे आणली होती. त्यांतील एक त्यांच्या नावे घेतले आणि लक्षात आले की जाणते-अजाणतेपणाचा तोच छापील मजकूरही माझ्या अभिनंदनाइतकाच कोरडा आहे. म्हणून साध्या कागदावर पत्र लिहिले. पहिला मसुदा दोन पाने झाला. त्यात मी माझी मुलाखत कशी झाली, कोणते प्रश्न विचारले, कोणता अहवाल कमी पडला असावा, हे सारे लिहून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी वाचल्यावर ते सर्व खोडले आणि उरले ते असे:

‘जुलैमध्ये तुमचे अभिनंदन करताना मी नशिबाचा उल्लेख केला, तो चुकीचा होता. भूकंपानंतर तुम्ही शेडमध्ये बसून जे काम केले ते मी जवळून पाहिले आहे, आणि ज्यांनी तुमची निवड केली त्यांनी माणूस बरोबर ओळखला असे मला वाटते. त्या यादीत माझे नाव नव्हते म्हणून त्या दिवशी माझे मन थाऱ्यावर नव्हते. त्या बोलण्याबद्दल क्षमा असावी. वहिनींना नमस्कार सांगा. शाळेच्या मध्यावर मुलांना हलवण्याचा त्रास त्यांनीच अधिक सोसला असेल.’

यातील आपल्या नाव राहिल्याचे वाक्य ठेवावे की नाही, यावर मी बराच विचार केला होता. माझे मत असे की दोघेही एकाच जागेसाठी होते हे समोरच्यास ठाऊक असेल, तर त्याबद्दल पूर्ण मौन राखले की तेच ठळक दिसते. एक वाक्य असावे, पण ते पहिले नसावे आणि दुसरे त्याला जोडलेले नसावे. समोरच्याला आपले सांत्वन करण्याची पाळी आली, तर ते अभिनंदन राहत नाही. मात्र ही कबुली पत्रात किंवा एकांतात शोभते. चारचौघांत ती नाटकी वाटते. आणि दोघांत आधीपासूनच कटुता असेल, तर हे वाक्य गाळणेच बरे. तेथे कामाविषयी एक खरे वाक्य लिहिले तरी पुष्कळ झाले.

उशीर झाला तर काय, असेही कोणी विचारील. माझे पत्र दोन महिन्यांनी गेले. त्यांचे उत्तर आठ दिवसांत आले. त्यात त्यांनी बढतीविषयी एक शब्दही लिहिला नव्हता. त्या वृद्ध बाईंच्या खात्यात किती शिल्लक होती ते मात्र लिहिले होते. तीनशे बारा रुपये.

हे सर्व मी पुतण्याला त्या मांडवात सांगितले. मग विचारले, ‘तुझ्या मित्राने केलेले असे कोणते काम आहे, जे तू पाहिलेस आणि साहेबांनी कदाचित पाहिले नसेल?’ तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘मार्चअखेरीस ताळा जुळत नव्हता. चूक नव्या मुलाची होती. याने बैठकीत त्याचे नाव घेतले नाही, विभागाची चूक म्हणाला, आणि रात्री त्या मुलाबरोबर बसून नोंद शोधून काढली.’

‘मग तेच लिही.’

त्याने फुलांचा गुच्छ काढून टाकला आणि लिहिले, ‘मार्चमध्ये त्या पोराला तू ज्या तऱ्हेने सांभाळून घेतलेस, ते पाहिल्यापासून मला वाटत होते की विभाग तुझ्या हाती असावा. मलाही ही जागा हवी होती, हे तुला माहीत आहे. तरी मनापासून सांगतो, आनंद झाला. सोमवारी भेटू.’ ‘मनापासून सांगतो’ हे शब्द मला जरा जास्त वाटले, पण मी बोललो नाही. पत्र त्याचे होते. निरोप गेला आणि आम्ही विडा घ्यायला उठलो, तोच त्याचा मोबाईल वाजला. तो बोलत बोलत मांडवाबाहेर गेला, आणि वधूची पाठवणी होईपर्यंत काही आत आला नाही.