‘हू’ की ‘हूम’: निकाल पोटवाक्यात लागतो

इंग्रजीत ‘हू’ आणि ‘हूम’ ही एकाच सर्वनामाची दोन रूपे आहेत. माणूस क्रियेचा कर्ता असेल तर ‘हू’, आणि तो कर्म असेल किंवा ‘टू’, ‘विथ’, ‘फॉर’ अशा शब्दांच्या मागोमाग येत असेल तर ‘हूम’. शाळेत शिकवला जातो तो नियम एवढाच, आणि तो बरोबरही आहे. साध्या प्रश्नात तो सहज लागू पडतो. ‘हू केम?’ म्हणजे कोण आले. येण्याची क्रिया करणारा तोच, म्हणून ‘हू’. ‘हूम डिड यू मीट?’ म्हणजे तू कोणाला भेटलास. भेटणारा ‘यू’, भेटला गेलेला दुसरा, म्हणून ‘हूम’. अडचण सुरू होते ती वाक्याच्या पोटात दुसरे वाक्य आले की.

एका अर्जाच्या पाठपुराव्यासाठी लिहिलेल्या पत्रातले हे वाक्य पाहावे: ‘द ऑफिसर ___ आय वॉज टोल्ड वुड साइन माय अ‍ॅप्लिकेशन वॉज ऑन लीव्ह.’ माझ्या अर्जावर जे सही करतील असे मला सांगण्यात आले होते, ते अधिकारी रजेवर होते, असा त्याचा अर्थ. रिकाम्या जागी काय लिहायचे? इंग्रजी बऱ्यापैकी येणारे अनेक जण इथे ‘हूम’ लिहितात. कारण उघड आहे. रिकाम्या जागेच्या लगेच पुढे ‘आय’ दिसतो. कर्ता मिळाला, मग उरलेला शब्द कर्म असणार, असे मनात घडते. शिवाय ‘हूम’ अधिक शिष्ट वाटतो आणि पत्र तर औपचारिक. पण इथे ‘हू’च बरोबर आहे, आणि ते कानाला विचारून कळत नाही. वाक्य उकलून पाहावे लागते.

उकलण्याची रीत अशी. ज्या शब्दाचा निर्णय करायचा, तिथून वाक्य तोडावे. त्याच्या आधीचे ‘द ऑफिसर’ मुख्य वाक्याचे, शेवटचे ‘वॉज ऑन लीव्ह’ही मुख्य वाक्याचे. हे दोन्ही बाजूला ठेवले की हाती पोटवाक्य राहते: ‘___ आय वॉज टोल्ड वुड साइन माय अ‍ॅप्लिकेशन’. आता यात ‘ही’ किंवा ‘हिम’ घालून सरळ विधान करावे. घालायचा शब्द सुरुवातीलाच बसेल असे नाही. तो त्याच्या नैसर्गिक जागी ठेवावा. ‘आय वॉज टोल्ड ही वुड साइन माय अ‍ॅप्लिकेशन’ हे वाक्य नीट उभे राहते. ‘आय वॉज टोल्ड हिम वुड साइन’ असे कोणी म्हणणार नाही. ‘ही’ बसला, म्हणून ‘हू’. सही करणारा तो आहे. ‘आय वॉज टोल्ड’ हे शब्द मध्येच येऊन बसलेले आहेत.

आता याच पत्रात थोडासा बदल करावा: ‘द ऑफिसर ___ आय वॉज टोल्ड टु मीट वॉज ऑन लीव्ह.’ मला ज्यांना भेटायला सांगितले होते ते अधिकारी रजेवर होते. पहिले पाच शब्द तेच आहेत, पण पोटवाक्य सरळ केले तर ‘आय वॉज टोल्ड टु मीट हिम’ असे होते. ‘हिम’ बसला, म्हणून ‘हूम’. दोन्ही वाक्ये शेजारी ठेवली की मूळ मुद्दा कळतो. निर्णय शेजारच्या शब्दावरून होत नाही. पोटवाक्यातली कोणती क्रिया त्या माणसाला आपला कर्ता म्हणून मागते, किंवा मागतच नाही, यावरून होतो. ‘वुड साइन’ला कर्ता हवा होता, ‘टु मीट’ला कर्म हवे होते.

‘आय थिंक’, ‘वी बिलीव्ह’, ‘ही सेज’, ‘इट सीम्स’ हे सगळे असेच मध्ये घुसणारे शब्दसमूह आहेत, आणि चुका जवळजवळ सगळ्या यांच्याभोवतीच होतात. ‘बिलीव्ह’ तर फार बारीक परीक्षा घेते. ‘अ कॅन्डिडेट हू वी बिलीव्ह इज ऑनेस्ट’ यात ‘हू’ बरोबर, कारण ‘वी बिलीव्ह ही इज ऑनेस्ट’. पण ‘अ कॅन्डिडेट हूम वी बिलीव्ह टु बी ऑनेस्ट’ यात ‘हूम’ बरोबर, कारण ‘वी बिलीव्ह हिम टु बी ऑनेस्ट’. अर्थ दोन्हीकडे एकच: ज्याला आम्ही प्रामाणिक मानतो असा उमेदवार. केवळ ‘इज’च्या जागी ‘टु बी’ आले आणि सर्वनामाचे रूप बदलले. मधले शब्द काढून पाहण्याचा सल्लाही काही पुस्तके देतात: ‘वी बिलीव्ह’ काढले तर ‘अ कॅन्डिडेट हू इज ऑनेस्ट’ उरते, ते शुद्ध आहे. पण दुसऱ्या वाक्यात तीच युक्ती केली तर वाक्यच मोडते. ‘ही-हिम’ची कसोटी दोन्ही ठिकाणी चालते, म्हणून तीच हाताशी ठेवणे चांगले.

ही कसोटी निव्वळ लक्षात ठेवायची क्लृप्ती नाही. प्राचीन इंग्रजीत या सर्वनामाचे कर्त्याचे रूप ‘ह्वा’ होते, कर्माचे ‘ह्वोने’ आणि चतुर्थीचे ‘ह्वाम’. पुढे चतुर्थीच्या रूपाने कर्माचीही जागा घेतली आणि तेच आजचे ‘हूम’. ‘हिम’देखील मुळात चतुर्थीचेच रूप. म्हणजे दोन्ही शब्दांच्या शेवटचा ‘म’ हा विभक्तीचा प्रत्यय आहे आणि तो एकच काम करतो. अनेकवचनात हाच ‘म’ ‘देम’मध्ये दिसतो. म्हणून कसोटी घेताना वाक्य स्त्रीबद्दल असले तरी ‘ही’ आणि ‘हिम’च घालून पाहावेत. ‘हर’ घातले तर तो ‘तिला’ की ‘तिचे’ असा नवाच घोळ होतो. ‘यू’ आणि ‘इट’ यांची रूपे बदलतच नाहीत, त्यामुळे ते इथे निरुपयोगी आहेत.

मराठी भाषकांना या ठिकाणी एक जास्तीचा सापळा आहे. ‘कोण’ म्हणजे ‘हू’ आणि ‘कोणाला’ म्हणजे ‘हूम’, असे समीकरण मनात सहज बसते. ‘तू कोणाला बोलावलेस?’ याला ते लागू पडते. पण मराठीत ‘-ला’ लागलेले नाम दर वेळी कर्म नसते. भूक, ताप, आवड, येणे-जमणे अशा गोष्टी ज्याच्याबाबत घडतात त्यालाही मराठी ‘-ला’ लावते. ‘कोणाला ताप आला आहे?’ याचे इंग्रजी ‘हू हॅज फीव्हर?’ असेच होईल. ‘ज्याला पोहता येते तो मुलगा’ म्हणजे ‘द बॉय हू कॅन स्विम’. ‘ज्याला मी ओळखतो तो मुलगा’ म्हणजे ‘द बॉय हूम आय नो’. मराठीत दोन्हीकडे ‘ज्याला’, इंग्रजीत दोन वेगळी रूपे. उलट ‘खिडकी कोणी फोडली?’ यात ‘कोण’चे रूप बदललेले दिसते, पण फोडणारा तोच, म्हणून इंग्रजीत ‘हू’. तेव्हा मराठी विभक्तीवरून इंग्रजी रूप ठरवू नये. आधी इंग्रजी वाक्य तयार करावे आणि त्यातच ‘ही-हिम’ घालून पाहावे.

आणखी एका जागी शेजारचा शब्द दिशाभूल करतो. ‘टू’नंतर ‘हूम’ येते हे पक्के पाठ असल्यामुळे ‘गिव्ह द की टु हूमएव्हर कम्स फर्स्ट’ असे लिहिले जाते. किल्ली जो आधी येईल त्याला द्या, असे सांगायचे आहे. पण ‘टू’ला इथे एकटे सर्वनाम जोडलेले नाही, ‘जो आधी येईल तो’ हे सगळे पोटवाक्य जोडलेले आहे. पोटवाक्याच्या आत ‘ही कम्स फर्स्ट’, म्हणून ‘हूएव्हर’ बरोबर. ‘गिव्ह द की टु हूमएव्हर यू ट्रस्ट’ मात्र बरोबर, कारण ‘यू ट्रस्ट हिम’. ‘द क्वेश्चन ऑफ हू विल पे’ यातही ‘ऑफ’ला घाबरण्याचे कारण नाही: ‘ही विल पे’.

कसोटी एका ठिकाणी मात्र थकते. ‘आय नो हू यू आर’ यात ‘यू आर ही’ की ‘यू आर हिम’? दोन्ही अवघडल्यासारखे वाटतात, कारण बोलण्यात लोक ‘इट्स मी’च म्हणतात. ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ या क्रियापदांना कर्म नसते, एवढे आठवून अशा जागी ‘हू’ लिहावे.

या प्रश्नावर जाणकारांतही एकमत राहिलेले नाही. डेन्मार्कचे इंग्रजी व्याकरणकार ओटो येस्पर्सन यांनी 1924 साली ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’ या ग्रंथाच्या परिशिष्टात ‘वी थिंक’सारख्या शब्दांआधी येणाऱ्या ‘हूम’ची बाजू घेतली. अशी वाक्ये चांगल्या लेखकांनीही लिहिली आहेत, आणि बोलणाऱ्याच्या मनात ते सर्वनाम कर्त्यासारखे वागत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कर्त्याच्या जागचे ‘हू’ सहसा गाळता येत नाही; या वाक्यांत मात्र ते गाळता येते, ही त्यांची निरीक्षणे विचार करायला लावणारी आहेत. तरीही आजची बहुतेक शैलीपुस्तके या जागी ‘हूम’ला चूकच ठरवतात, आणि परीक्षेत किंवा कार्यालयीन पत्रात तेच मानणे सुरक्षित आहे. दुसऱ्या टोकाला, अमेरिकेचे भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी 1921 सालच्या ‘लँग्वेज’ या पुस्तकात प्रश्नारंभीचे ‘हूम’ दोनेकशे वर्षांत नाहीसे होईल असे भाकीत केले होते. रोजच्या बोलण्यात ते आजच विरळ झाले आहे. ‘हू आर यू टॉकिंग टू?’ असे विचारणाऱ्याला आता कोणी अशुद्ध म्हणत नाही. ‘टू’ पुढे आणून वाक्य सुरू केले तर मात्र ‘टु हूम’च लागते.

येस्पर्सन यांच्या त्या निरीक्षणातून लिहिणाऱ्याला एक सोपी वाटही मिळते. ‘द ऑफिसर आय वॉज टोल्ड वुड साइन माय अ‍ॅप्लिकेशन’ आणि ‘द ऑफिसर आय वॉज टोल्ड टु मीट’ ही दोन्ही वाक्ये सर्वनामाशिवायही शुद्ध आहेत. कसोटी घेऊनही मन साशंक राहिले, तर शब्दच गाळावा. पण नावानंतर स्वल्पविराम देऊन जास्तीची माहिती जोडलेली असेल, तर ही सोय नसते. ‘माय ब्रदर, हू आय थिंक लिव्हज इन नाशिक’ अशा वाक्यात सर्वनाम लिहावेच लागते, आणि तिथे पुन्हा ‘ही लिव्हज’ की ‘हिम लिव्हज’ हे म्हणून पाहावे लागते.